गोळा दोनच्या रेघेवर

काल दुपारी वळवाच्या वादळानं सेलूतले खांब आडवे केले अन् लाईट गेली ती गेलीच. दत्तरावांचं प्राणवायूचं मशीन लायटीवर चालायचं. तीस वर्षं जिनिंगातली कापसाची धूळ छातीत भरून घेतली, त्याचं बक्षीस हे मशीन! पोरानं मस्कतहून पाठवलेलं.

लाईट जाताच त्यांच्या बायकोनं, कासाबाईनं, नळी काढून सिलेंडरला लावली अन् वायू किती सुटतो ते दाखवणारा काचेतला गोळा दोनच्या रेघेवर आणला. देवाचा दिवासुद्धा विझवला, वायूजवळ जाळ नको म्हणून. पहिला सिलेंडर रातीतच संपला. सकाळी दुसराही निम्म्यावर आला.

येडबा, दत्तरावांचा धाकटा भाऊ, मंडपवाल्याचा जनरेटर घेऊन आला. बिचारा घामानं निथळत होता. पण हमालांनी तो मांडला कुठं, तर नेमका खिडकीखाली!

"अरे, धूर घरात शिरून समदे मरायचे! रस्त्यापल्याड न्या, वायर लांबवा," कासाबाई ओरडली.

"वयनी, दादा तडफडायलाय. अजून सोड की हवा."

"दोनच, भाऊजी. हात लावू नका."

"वायूत बी कंजूषपणा का गं?"

का, ते सांगायला तिला फुरसत झाली न्हाई. डॉक्टर म्हणाला होता, यांच्या छातीला वायू जास्त झाला तर श्वासच मंदावतो, माणूस गुंगीत जातो. ती तरातरा बाहेर गेली. वायर अपुरी पडली, शेजाऱ्याची जोडली, डिझेल आणलं. तास-दीड तास त्यातच गेला. एकदाचा जनरेटर सुरू झाला अन् घरातलं मशीन घरघरलं. तिच्या जिवात जीव आला.

"वयनी, बघ, दादाला किती झ्वाप लागलीय! धाप बी थांबली," येडबा दारातच हसत म्हणाला.

कासाबाईनं काचेकडं पाहिलं. गोळा सहावर होता.

"आवो! आवो, डोळे उघडा!" तिनं नळी मशीनला लावली, त्याचा गोळा दोनवर आणला, त्यांना उठवून बसवलं, गालावर चापट्या मारल्या. एरवी एवढ्यात दत्तरावांनी सात पिढ्यांचा उद्धार केला असता. "शिव्या द्या की मला! द्या ना!" मान छातीवर लवंडली. श्वास लांब लांब झाला. येडबा डॉक्टरला आणायला पळाला. डॉक्टर आला तेव्हा दत्तराव गेले होते. मशीन मात्र झकास चाललं होतं. कासाबाईनंच उठून ते बंद केलं.

येडबा भिंतीला टेकून बसला होता. त्याला कुणी काही बोललं न्हवतं.

"वयनी," तो रडत म्हणाला, "म्या हवाच दिली ना त्याला?"

खरं काय ते कासाबाईच्या तोंडाशी आलं होतं. भावाला वाचवायला पहाटेपास्नं उपाशी पळालेला माणूस तो. अन् कारण न सांगता निघून गेलेली ती.

"हो, भाऊजी," ती म्हणाली. "हवाच दिली."