पडद्यामागची पंधरा मिनिटं

मागच्या खेपेला शाळेत आधी एकच मुलगी कोसळली होती, पण तेवढं पुरलं. उभ्या रांगेत सुई घेतली, दोन पावलं चालली आणि पांढरीफटक पडली. खेळाच्या सरांनी मायेपोटी तिला आडवं पडू दिलंच नाही, बखोटं धरून ताठ उभं ठेवलं. मेंदूला रक्त पोचेना, तसे हातपाय झटके देऊ लागले. ते पाहून रांगेतल्या मागच्या दोघीही उभ्या जागी कलंडल्या. गावभर झालं, लस पोरींना झटके आणते.

आज दुसरा डोस. नर्सने वर्गाच्या कोपऱ्यात पडदा लावून गादी अंथरली होती. व्हरांड्यात आया लेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. आधी ती कोसळलेली मुलगी, मग आमच्या, एवढंच त्यांचं ठरलं होतं.

"पडदा काढा की," एक आई म्हणाली. "लपवायचं काय त्यात?"

"लपवत नाही, ताई. चारचौघं टक लावून बसली की भीती वाढते. भीतीने नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं. चक्कर त्याची असते, औषधाची नाही."

"मागच्या वेळीही असंच गोड बोलला होतात."

मुलगी पडद्याआड आली. "मला बघू देऊ नका त्यांना," ती पुटपुटली.

"नाही देत. सकाळी खाल्लंस?"

"आईने बळेच खायला घातलं. पाणीपण प्यायले."

"झोप आता. पाय एकमेकांत अडकव, मांड्या आवळ. हात मात्र सैल सोड. आणि तुमच्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ कोण, ते सांग मला."

"सांगितलं तर तुम्ही त्याच्या आईला सांगाल."

"शपथ, नाही सांगत."

ती हसली. सुई तेवढ्यात जाऊनही आली.

पुढे नुसतं पडून राहायचं होतं. नर्सने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी शांत होती, ओठ गुलाबी. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं, चक्कर उशिरानेही येते. पडदा सरकवून ही बरी मुलगी दाखवावी, असं नर्सच्या दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तिने हात आवरला.

बाहेर कुजबूज वाढली. "उठवत का नाहीत तिला?"

"ती बरी आहे," नर्सने आतूनच सांगितलं. "थोडी पडू द्या."

"बरी आहे तर पडलीय कशाला?"

बाक सरकले. कुणीतरी कुणाला तरी हाताला धरून ओढलं.

वेळ झाल्यावर मुलगी आधी उठून बसली, थोडं थांबली, मग सावकाश उभी राहिली. "काहीच झालं नाही," ती अचंब्याने म्हणाली. "मैत्रिणीला सांगते. ती फार घाबरलीय."

तिनेच पडदा सारला. व्हरांड्यात एकटे खेळाचे सर बाक जागेवर लावत होते.

"गेल्या सगळ्या," ते मान वर न करता म्हणाले. "मी सांगितलं त्यांना थांबायला. पण माझं कोण ऐकणार आता?"

नर्सने उरलेल्या लसींवर बर्फाच्या पेटीचं झाकण दाबलं. मुलगी अजून दारात उभी होती, अगदी ठणठणीत, आणि पाहायला कुणी नव्हतं.