दोन विषम, एक सम

+ १

प्रार्थना साळवे मॅडमनी अकरा उत्तरपत्रिका एकावर एक रचल्या, वर पेपरवेट ठेवलं आणि खुर्ची सरकवून बसल्या.

"सर, कॉपी केस आहे."

राधाकृष्ण गागरे सरांनी कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढला. नगरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे पेपर तपासायचं काम चाललं होतं. पंखे फिरत होते, गठ्ठ्यांचे दोरे सुटत होते. गागरे सर मुख्य परीक्षक. नेवाशाच्या कॉलेजात एकतीस वर्षं शिकवून झाली होती आणि महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते. हा त्यांचा शेवटचा हंगाम. सगळे त्यांना मान देत, कारण जिल्ह्यातल्या निम्म्या परीक्षकांनी त्यांच्या नोट्स वाचून परीक्षा दिल्या होत्या.

"कुठला प्रश्न?"

"तिसऱ्यातला ब. आयनांची साखळी."

प्रश्न सरांनीच काढला होता. एका सरळ रेषेत धन, ऋण, धन, ऋण असे आयन सारख्या अंतरावर बसलेत आणि रेषेला शेवट नाही. त्यातला एक आयन धरायचा आणि बाकीचे सगळे मिळून त्याला किती घट्ट धरून ठेवतात ते काढायचं. शेजारचे दोघे विरुद्ध खुणेचे, ते ओढतात. त्यांच्या पलीकडचे दोघे सारख्या खुणेचे, ते ढकलतात, पण दुप्पट अंतरावरून, म्हणून ऊर्जेतला त्यांचा वाटा निम्मा. म्हणजे एक, वजा एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, वजा एक चतुर्थांश, असं चालत राहायचं. दोन्ही बाजू सारख्या म्हणून शेवटी बेरीज दुप्पट करायची. उत्तर येतं दोनाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची दुप्पट, १.३८६.

"अकरा पोरांनी २.०२ लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "बरोबर उत्तर अकरा जणांचं सारखं आलं तर मी काही म्हणणार नाही. चुकीचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं येतं का हो कधी? आणि गठ्ठा एकाच केंद्राचा."

"पर्यवेक्षक झोपला असेल."

"झोपला न्हाई, चहाला गेला असेल," मॅडम हसल्या. बेलापूरच्या माहेरचं 'न्हाई' त्यांच्या तोंडून अधूनमधून निसटत असे. मग त्यांनी गंभीर होऊन एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "अहवाल मी भरलाय. तुमची सही लागेल. पाचच्या आत केंद्रप्रमुखांकडे द्यायचाय."

सरांना तो फॉर्म ओळखीचा होता. सही झाली की अकरा जणांचे निकाल राखून ठेवले जाणार, प्रत्येकाला पुण्याला चौकशीसाठी बोलावणार, आणि तिथं गप्प राहिला तो दोषी ठरणार. वर्ष गेलंच. शिवाय नावापुढे कॉपीचा शेरा लागला की मास्तरकीची नोकरी कोण देतंय?

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग पुन्हा लावलं.

"आधी चूक कुठं आहे ती बघू," ते म्हणाले. "चोरी कशाची केली ते तरी कळायला पाहिजे."

− १/२

चूक सापडेना.

वरच्या उत्तरपत्रिकेतली मांडणी स्वच्छ होती. विद्यार्थ्याने लिहिलं होतं, की ओळीने बेरीज केली तर आकडा खालीवर हेलकावे खातो. म्हणून सोयीचा क्रम घेतला: दोन विषम पदं अधिक, मग एक सम पद वजा. एक अधिक एक तृतीयांश वजा एक द्वितीयांश. पुढे एक पंचमांश अधिक एक सप्तमांश वजा एक चतुर्थांश. अशा आठ पायऱ्या.

"एखादं पद गाळलं असेल," सर म्हणाले.

"मीही तेच शोधलं. पुढं जात राहिलं तर एकही पद गळत नाही आणि एकही दोनदा येत नाही. सगळ्यांचा नंबर लागतो."

सरांनी कॅल्क्युलेटरवर आठ पायऱ्या घेतल्या. १.००९. दुप्पट २.०२. पोरांचं गणित बरोबर होतं.

"आठच पायऱ्या घेतल्यात म्हणून," सर म्हणाले. "पुढं गेलं की येईल खाली १.३८६ वर."

मॅडमनी मोबाईलवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि दहा लाख पायऱ्या पळवल्या. दोघं पडद्यावर वाकले.

"सर, हे खाली येत नाही. वर चाललंय. २.०७९४ वर बसलं."

"तेच आकडे, तेच वजा-अधिक?"

"तेच. फक्त रांग वेगळी."

 सरांचं लक्ष उत्तरपत्रिकेतल्या आकृतीकडे गेलं होतं. आयनांच्या रांगेत मधल्या गोलावर एक छोटं तिकोनी निशाण काढलेलं होतं, देवळावर असतं तसं. त्यांनी दुसरी उत्तरपत्रिका उघडली. निशाण. तिसरी. निशाण.

+ १/३

ते निशाण त्यांचंच होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हाताने नोट्स लिहिल्या, तेव्हा पोरांनी मधला आयन विसरू नये म्हणून त्यावर निशाण काढलं होतं. पान सतरा. त्याच पानावर, खालच्या अंगाला, त्यांनी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: बेरजेत क्रमाला महत्त्व नाही, हेलकावे टाळायला दोन विषम, एक सम असं घ्यावं, आठ पायऱ्या पुरतात. त्याखाली पुस्तकातलं १.३८६ हे उत्तर.

मधली बेरीज त्यांनी कधी करून पाहिलीच नव्हती.

नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जिल्हाभर गेल्या होत्या. इतकी वर्षं पोरं खालचं उत्तर तेवढं पाठ करत आली. या अकरा जणांनी सांगितलेली रीत पाळली, कॅल्क्युलेटरवर आठ पायऱ्या घेतल्या आणि आला तो आकडा लिहिला. पुस्तकातलं उत्तर चिकटवलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

बजरंग शिपायाने चहा ठेवला. "सर, गार हुईल."

"होऊ दे."

फॉर्म समोर होता. निशाण अजून फक्त त्यांनीच ओळखलं होतं. सही केली असती तर कुणालाच काही कळलं नसतं, आणि महिन्याअखेर हार-नारळ घेऊन ते घरी गेले असते.

"मॅडम, तुमची लाल पेनं द्या," ते म्हणाले. "आणि माझी हिरवी घ्या."

− १/४

त्यांनी टेबलावर पेपरवेट ठेवलं. हा निशाणाचा आयन. त्याच्या उजवीकडे लाल, हिरवं, लाल, हिरवं अशी पेनं लावली. लाल ओढणारी, हिरवी ढकलणारी.

"आता पोरांच्या क्रमाने उचलू. दोन लाल, एक हिरवं. दोन लाल, एक हिरवं. थांबा. लाल कुठवर पोचलं?"

"सातव्या जागेपर्यंत."

"आणि हिरवं?"

"चौथ्या." मॅडमचा हात पेनांवरच थांबला. "सर, कुठंही थांबलं तरी लाल जवळजवळ दुप्पट लांब गेलेलं असणार."

"म्हणजे आपण जी साखळी मोजतोय तिला नुसत्या लाल आयनांचं शेपूट आहे. तसली साखळी मिठाच्या स्फटिकात नसते."

"पण ते शेपूट लांब जातंय ना? लांबचा जोर कमी."

"एकेकाचा कमी. पण जितकं लांब, तितके शेपटात जास्त. करा बेरीज."

मॅडमनी केली. शेपूट कितीही दूर नेलं तरी त्याची बेरीज ०.३४६ च्या आसपासच राहत होती. दोन्ही बाजूंची ०.६९३. आणि १.३८६ अधिक ०.६९३ म्हणजे २.०७९.

"जुळलं की हो!"

+ १/५

"ओळीने गेलं तर?" मॅडमनी विचारलं.

"तरी टोकाला एखादा आयन जोडीवाचून राहतो. पण एकटाच, आणि दूर. त्याचा जोर शून्याकडे जातो." सरांनी पेनं गोळा केली. "नुसती लाल मिळवली तर बेरीज अनंत. नुसती हिरवी घेतली तरी अनंत. ही मालिका टिकते ती दोघांच्या वजाबाकीवर. अशा ठिकाणी क्रम बदलला की उत्तर बदलतं. मधून निघायचं आणि दोन्ही बाजूंना अंतराच्या क्रमानं जायचं. गणितवाल्यांना हे ठाऊक असतं. आपण सोय बघतो."

"मग अकरा जणांना एकदम एकच सोय कशी सुचली?"

सरांनी निशाणावर बोट ठेवलं.

"मी सांगितली. माझ्या नोट्समध्ये, पान सतरा."

− १/६

मॅडमनी आकृती जवळ ओढली. "माझ्याकडेही आहेत सर त्या नोट्स," त्या हळूच म्हणाल्या. "पान सतरा मी सोडून दिलं होतं. अवघड वाटायचं."

"बरं झालं."

फॉर्मवर सरांनी आडवी रेघ मारली. मागच्या कोऱ्या बाजूला हिरव्या शाईत लिहिलं: 'सारख्या उत्तराचं मूळ माझ्या नोट्समधल्या चुकीच्या सूचनेत आहे. कॉपी नाही. आकृती आणि मालिका यांचे तीन गुण द्यावेत, बेरीज आणि उत्तर यांचे दोन देऊ नयेत.' खाली सही, पूर्ण नाव.

"दोन कापताय?" मॅडम म्हणाल्या.

"उत्तर चुकलंयच ना!"

+ १/७

नेवाशाच्या स्टँडजवळ पुंजारामचं झेरॉक्सचं दुकान होतं. ऊन उतरलं होतं.

"सर, तुमच्या नोट्स लई खपत्यात," पुंजारामने मशीनचं झाकण उघडलं. "पान सतरा तर पाठ झालंय मला. निशाणवालं."

"ते काढ. हे लाव."

− १/८

नव्या पानावर निशाण तसंच होतं. खाली एकच सूचना: क्रम बदलू नका. बदलला तर काय होतं ते स्वतः करून बघा.

+ १/९

"मागं ज्या प्रती गेल्यात त्यांचं काय, सर?"

"नेणाऱ्यांचे पत्ते असतील तर दे," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले.