आप्पांची पाती

पातं मेलं की मेलं. त्याला कितीही तेल पाजलं तरी ते जिवंत होत नाही. हे मी आप्पांना ते असताना शंभरदा सांगितलं होतं. गेल्यावरही सांगावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. केस कापायचं हे दुकान त्यांचं, आता माझं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि त्यांची ती जड मशीन. खिडकीकडच्या खुर्चीतच ते गेले, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, टॉवेल खांद्यावर टाकलेलाच. त्या खुर्चीत मी कुणाला बसवत नाही.

मशीनचं सगळं मला त्यांनीच शिकवलं. ब्रशनं केस झाडायचे, दोन स्क्रू काढायचे, खालचं पातं आणि वरचं हलणारं पातं सुटं करायचं, दातांमधलं सगळं बारीक किटण काढायचं, पुसून कोरडं करायचं. परत बसवताना वरचं पातं खालच्याच्या किंचित मागे. पुढे आलं तर ते केस सोडून कातडी कापतं. मग दातांवर आणि कोपऱ्यांवर तेलाचे थेंब, मशीन जरा फिरवायची, जास्तीचं तेल पुसून टाकायचं. इथपर्यंत बापलेकीचं एकमत. भांडण पुढे. मशीन केस ओढायला लागली, एकाच जागी तीनतीनदा फिरवावी लागली, की मी म्हणायचे, "पाती बदला." ते म्हणायचे, "मेलं नाहीये गं ते, तहानलंय." मग तेल टाकायचे, स्वतःच्या डाव्या हातावरचे केस कापून बघायचे. ताज्या तेलावर पातं दोन गिऱ्हाइकं गुमान चालायचं, की आप्पा मिशीत हसायचे. तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाणी. त्यांच्या त्या हातावर कायम एक टक्कल असायचं.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मी पाती उघडली तर एका टोकाचा दात अर्धा तुटलेला. वर मशीनही तापत होती, साफ करून, तेल घालूनही ओढत होती. अशा पात्याला काय धुऊन प्यायचंय? नवी जोडी आणली, बसवली, जुनी कचऱ्याच्या डब्यात फेकली, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी मशीनवर जुनी पाती होती. स्वच्छ पुसलेली, तेल घातलेली. नवी जोडी डब्यात, काल झाडलेल्या केसांखाली.

किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तूच केलं असशील, तुझं ध्यान कुठे असतं हल्ली!" म्हटलं, असेलही बाई. परत नवी बसवली. स्क्रू चांगले आवळले. पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. मानेवरून मशीन वर नेत होते, आणि हातात काहीतरी सैल झाल्याचं कळलं. पोस्टमन ओरडला. दोन्ही स्क्रू अर्धे सुटलेले, वरचं पातं पुढे सरकलेलं, त्याच्या कानामागे रक्ताची रेघ. आरशात बघितलं तर खिडकीकडची खुर्ची जराशी आमच्याकडे वळलेली होती.

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे, म्हातारा हट्टी आहे, वापरू जुनी. पण धाकटी यायची होती.

धाकटी माझी बहीण. तिची औषधं सुरू झाली होती, केस मूठमूठ उशीवर यायला लागले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की वस्तरा लावायचा नाही, मशीननंच काढा, आणि डोक्यावर साधा ओरखडासुद्धा नको. तिच्या अंगात आता जखमेशी लढायची ताकद नाही. मी म्हटलं, दुसरी मशीन आणते. तर ही बाई हटूनच बसली. "आप्पांच्याच मशीननं, ताई. माझ्या केसांना त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही." आहेच शेवटी बापाची लेक.

आता करता काय? जुनं पातं लावलं तर तुटका दात तिच्या कातडीत घुसणार. नवं लावलं तर स्क्रू कोण सैल करणार ते मला माहीत होतं. दोन्हीकडून आग.

आदल्या दिवशी उजेड असतानाच मी गिऱ्हाइकं बंद केली. जुनी पाती खोलून धुतली, दात न् दात घासला, अगदी कोरडी केली आणि मशीनवर चढवली. तेलाचा एक थेंब घातला नाही. तेलाची बाटली घरी न्यायला पदराला बांधली. मशीन खिडकीकडच्या खुर्चीच्या हातावर ठेवली, शेजारी नवी जोडी आणि स्क्रूड्रायव्हर. मग त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून बोलले. भीती वाटत होती, पण रागही तेवढाच होता.

"आप्पा, उद्या धाकटीचं डोकं आहे. तेल न घालता बघा एकदा. तुमच्याच हातावर. आणि मग काय लावायचं ते तुम्ही ठरवा. मी हात लावणार नाही."

खुर्चीचं रेक्झिन करकरलं, कुणी उठताना किंवा बसताना करकरतं तसं. मी मागे वळून न बघता कुलूप लावलं.

सकाळी धाकटीला धरून आणलं, तेलाची बाटलीही परत आणली. तिला पहिल्या खुर्चीत बसवलं आणि देवाचं नाव घेत मशीन उचलली. नवी पाती. वरचं पातं केसभर मागे, रेषेत, मी स्वतः इतकं नीट कधी बसवलं नव्हतं. स्क्रू पिळून बघितले, तसूभर हलले नाहीत. जुनी जोडी डब्यात होती.

आणि खुर्चीच्या हातावर आखूड, पांढऱ्या केसांचा पुंजका. मी तो बोटांवर घेतला. कापलेले नव्हते. एकेका केसाला मूळ होतं. उपटून आले होते सगळे.

"कुणाचे गं ते?" धाकटीनं आरशातून विचारलं.

"एका गिऱ्हाइकाचे. फार हट्टी होतं," मी म्हणाले, आणि पुंजका तेलाच्या बाटलीमागे ठेवला. मनात म्हटलं, दुखलं असेल हो आप्पा.

मशीन तिच्या डोक्यावरून लोण्यातून जावी तशी गेली. एकदाच, प्रत्येक जागी एकदाच. एक केस ओढला गेला नाही. शेवटी मी उजेडात तिचं डोकं सगळीकडून तपासलं, कुठे साधी लाल रेघ नव्हती. धाकटी आपल्या टाळूवरून हात फिरवत बसली. रडली, मग म्हणाली, "अगदी आप्पांसारखा दिसतोय ना गं माझ्या डोक्याचा आकार?" दिसत होता. मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. जुनी पाती डब्यातच होती. खुर्ची खिडकीकडे सरळ होती. मशीन कालच्यासारखीच पडलेली, दातांत धाकटीचे बारीक केस अडकलेले, पाती कोरडी. कुणीही तिला हात लावला नव्हता.

मी उगाच जराशी वाट पाहिली. मग ब्रश घेतला, केस झाडले आणि तेल माझं मीच घातलं.