ढगांची टक्कर

पद्मजेच्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. माझी ही पुतणी गंगापूरजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं लिहिलं होतं, 'मधुकाका, सातवीला जलचक्र सांगायला या. पोरं हसली पाहिजेत.' मी निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर लोकांना गप्प बसवलं. काय लिहिणार?

काही कळवलं नाही म्हणजे होकार, असं धरून तिनं फळ्यावर माझं नाव लिहून टाकलं आणि मला आणायला जीप पाठवली.

"हसणं नि शिकणं एकत्र नांदत नाही," मुख्याध्यापक कारभारी गुरुजी दारातच म्हणाले. "लावा पैज. शेवटी मी एक प्रश्न विचारणार. पोरं चुकली, तर मॅडमनी उद्यापासून उत्तरं फळ्यावर लिहून पोरांकडून उतरवून घ्यायची."

पद्मजा पुटपुटली, "काका, लाज राखा."

मी सुरुवात केली. "समुद्राचं पाणी वर निघताना मीठ खालीच ठेवतं. सामान नको म्हणून."

एक पोरगी फिसकन हसली. धीर आला.

"वाफ दिसत नाही. किटलीतून पांढरं दिसतं, ते गार पडून झालेले बारीक थेंब. ढगही तसाच. वर गारठ्यात वाफेला थेंब व्हायचं तर बसायला जागा लागते. ती धुळीचा कण पकडते."

"जीपच्या टपावर बसल्यासारखं!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी चेकाळलो. "हां! मग समोरासमोर दोन ढग येतात. बाजू कोण देणार? धडाम! पाणी सांडलं!"

वर्ग बाकावरून घरंगळला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळं माणसं हसत होती, आणि नेमकं तेच वाक्य खोटं होतं. गुरुजी तेवढे समाधानानं मान डोलावत होते.

"थांबा," मी म्हणालो. "मी थाप मारली."

पद्मजेनं डोळे मिटले.

"ढग धडकून पाऊस पडत नाही. ढगातले थेंब इतके हलके की तरंगतच राहतात. ते एकमेकांवर आदळतात, एक होतात. एका सीटवर चार, मग आठ. शेवटी जड होऊन खाली!"

आता हसू दुप्पट आलं. बहुधा म्हाताऱ्याची थाप पकडली गेली, म्हणून.

गुरुजींनी मघाशी फिसकन हसलेल्या सरूला उभं केलं. "पाऊस कसा पडतो?"

"ढग नाय धडकत, गुरुजी. आतले थेंब धडकत्यात, एक व्हत्यात, जड झाले की पडत्यात. ढगांची टक्कर ही काकांची थाप व्हती."

गुरुजींचा चेहरा उतरला. "मी तर इतकी वर्षं ढगच धडकवतोय."

"तरी पाऊस पडला नव्हं?" सरूनं समजूत घातली.

वर्ग पुन्हा कोसळला. गुरुजींनी घसा साफ केला. "व्याख्यान नोंदवता येणार नाही. बोलावल्याच्या पत्राची प्रत फाइलीत आहे, येतो म्हणाल्याचं पत्र नाही. म्हणजे पाहुणे आलेच नाहीत. पैजही नाही."

"नियम तो नियम," पद्मजा दात आवळून म्हणाली आणि पर्समधून पोस्टकार्ड काढलं.

मी तिथंच शाळेचा पत्ता घालून लिहिलं: 'पत्र पावलं. येतो. येऊन गेलो. थेंबच धडकतात.' जीपकडे जाता जाता गावातल्या डाकपेटीत टाकलं.