खात्यात दिसणारे त्रेसष्ट हजार

कॅशियरसाहेबांनी तीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे काढली होती. निवृत्तीनंतरही घरात आपला शब्द शिक्क्यासारखा उमटावा, अशी त्यांची अपेक्षा असे. म्हणून शाळेने बायकोला गणवेशांच्या शिलाईचे साठ हजार थेट खात्यावर पाठवू का, असं विचारलं तेव्हा त्यांनीच मध्ये तोंड घातलं. चेकच द्या म्हणाले, हातात कागद असला की बरं.

 बायकोला पैशांशी मतलब. बंद होणाऱ्या कारखान्याचा मालक कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन चाळीस हजारांत देत होता, पण रोख आणि आजच. पाच वाजता त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येणार होतं.

साहेबांनी सकाळी दहाला दोघांच्या खात्यात चेक भरला, पासबुक छापून घेतलं आणि त्रेसष्ट हजारांचा आकडा बायकोपुढे असा धरला, जणू स्वतःच कमावलाय. दुपारी दोघं पैसे काढायला गेली. खिडकीत साहेबांनीच एकेकाळी नोटा मोजायला शिकवलेली मुलगी होती. तिने पडद्यावर पाहिलं.

"साहेब, काढता येतील ते तीनच हजार."

"पासबुकात त्रेसष्ट आहेत की."

"जमा दिसतात. पण चेक दुसऱ्या बँकेचा आहे ना?"

मग तिने नव्या खातेदाराला सांगावं तसं समजावलं. चेक त्या बँकेकडे जाणार, ते सही बघणार, शिल्लक बघणार, मग होकार देणार. उद्या दुपारपर्यंत होईल. तोवर रक्कम खात्यात लिहिलेली, पण हात लावायची नाही. आज दिली आणि चेक परत आला, तर तुमच्याकडूनच वसूल करावी लागेल.

साहेबांना पुढचा प्रत्येक शब्द तोंडपाठ होता. हेच ते रोज सांगत आणि वर मनात म्हणत, एवढं साधं कसं कळत नाही लोकांना? आज उत्तर मिळालं. कळतं सगळं; फक्त नियम आपल्याला लागू आहे, हे सुचत नाही.

त्यांनी हळूच सुचवलं की मालकाला आपलाच चेक देऊन टाकू.

"आणि शाळेचा वटायच्या आत तो आपल्या खात्यावर आला तर?" बायको म्हणाली. "अहो, हे मी तुमच्याकडूनच शिकले."

तीन हजार घेऊन दोघं कारखान्यात गेली. बायकोने ते बयाणा म्हणून टेबलावर ठेवले आणि उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. मालकाने साहेबांकडे पाहिलं. चेक वटेलच याची खात्री काय, तुम्ही तर बँकेतले?

साहेब म्हणाले, "खात्री नाही. म्हणून तर बँकेने दिले नाहीत."

मालक हसला. खात्री देणारे फार भेटले, म्हणाला, बुडवून गेले सगळे. त्याने बयाणा खणात टाकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला परवा यायला कळवलं.

उद्या बँकेत मी एकटीच जाईन, असं बायकोने रस्त्यातच सांगून टाकलं. साहेबांनी पासबुक तिच्या हाती दिलं. घरी आल्यावर तिने त्यांच्यापुढे चाळीस शर्ट आणि बटणांचा डबा ठेवला. तिसऱ्याच बटणाला त्यांनी सुई बोटात खुपसून घेतली.