ताटातली अख्खी मेंढी

काकांचं पोट त्या दिवशी जरा मोठं दिसत होतं. पण आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पोटाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीही बोललो नाही. पुढचे पावणेचार तास आम्ही दोघं दीड मीटर बाय दोन मीटरच्या खोलीत अडकलो ते या सुसंस्कृतपणामुळे.

खोली म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची मधली जागा. एका बाजूला बाहेरचं दार, दुसऱ्या बाजूला आतलं, दोन्ही यंत्रानं सरकणारी. एक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणजे अल्माटीची धूळ आत पेशींपर्यंत जात नाही. आम्ही आलो, पांढरे झगे चढवले, बाहेरचं दार मागे लागलं, आणि आतल्या दारावरचा लाल दिवा लालच राहिला. मी बटण दाबलं. मग काकांनी दाबलं, जोरात, घोड्याला टाच मारावी तसं. दिवा लाल.

"बाहेर जाऊ मग," काका म्हणाले.

बाहेरचं बटण दाबलं. ते दारही हललं नाही. यंत्राच्या मते बाहेरचं दार उघडंच होतं, आणि उघड्या दाराला आणखी काय उघडायचं, असा त्याचा सवाल असावा.

"आणीबाणीचं बटण असेल की."

होतं ना. म्हणजे त्याची जागा होती. भिंतीत चौकोनी भोक, त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर 'लवकरच बसेल' असं लिहिलेलं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ते लवकरच बसणार होतं.

फोन बाहेर कपाटात. इमारतीत चिटपाखरू नाही, कारण शनिवार, आणि आमच्या प्रमुख राईखान आपाय, म्हणजे राईखानताई, यांच्या नातीनं पहिली पावलं टाकली होती. तिच्या पायातली दोरी कापायच्या समारंभाला सगळा विभाग गेला होता, पहारेकऱ्यासकट. मी गेलो नव्हतो, कारण माझ्या डिशमधल्या पेशींचा तिसरा दिवस होता. लाईट गेली असती तर दोन्ही दारं आपोआप सुटली असती. आम्ही लाईट जायची वाट पाहिली. एरवी आठवड्यातून दोनदा जाते.

आतल्या दाराला काच होती. काचेतून इन्क्युबेटर दिसत होता आणि त्याच्या वर घड्याळ. सव्वाअकरा.

"तीन वाजेपर्यंत आत नाही गेलो तर संपलं," मी म्हणालो.

"काय संपलं?"

"मी."

काका खाली बसले, फार जपून, पोट सांभाळत.

आता आमच्यातला करार सांगतो. सेयितखान काका माझ्या वडिलांचे सगळ्यात धाकटे भाऊ. आमच्यात धाकट्या मुलानं थोरलं घर सांभाळायचं असतं: बाकीचे पांगतात, धाकटा चुलीपाशी राहतो. काका केगेनजवळच्या गावात अठ्ठावन्न वर्षं राहिले. त्यांना मूल नाही. पुतण्यांत सगळ्यात धाकटा मी, येदिगे. तेव्हा घर, बावीस घोडे आणि एक कायम रागावलेला कुत्रा माझ्या नावावर लागल्यासारखाच होता. मला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी काका म्हणाले, "तुझ्या त्या बशीत खरंच काही धडधडलं, तर मी घरच्यांना सांगतो की पोरगा शहरातच राहणार. नाही धडधडलं, तर बर्फ पडायच्या आत सामान बांधायचं." मी हात मिळवला.

बशीतल्या पेशी काकांच्याच होत्या. तीन वर्षांपूर्वी आपायना निरोगी माणसाच्या कातडीचा तुकडा हवा होता आणि फॉर्मवर सही करायला घरात दुसरं कुणी तयार होईना. दंडातून वाटाण्याएवढा तुकडा काढला. त्या पेशींत आम्ही चार जनुकं घातली आणि काही आठवड्यांत त्यांतल्या मोजक्याच पेशी आपण कातडीतून आलोय हे विसरल्या, मूळपेशी झाल्या. आता त्यांचं हृदय करायचं होतं. दोनदा फसलं होतं. काढून ठेवलेल्यांतली ही शेवटची कुपी.

"तीनला काय आहे एवढं?" काकांनी विचारलं.

"बुधवारी सकाळी अकराला एक औषध घातलं. ते पेशींना सांगतं, चला, निघा. ते दुसऱ्या दिवशी काढलं. पण आता पेशी एकमेकींना तेच ओरडून सांगतात, निघा, निघा. तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बंद करणारं दुसरं औषध घालायचं. तोंड बंद झालं की त्या हृदयाकडे वळतात."

"आणि नाही घातलं?"

"तर भलतीकडे जातात. मागच्या खेपेला मणक्याच्या वाटेला लागल्या. आपाय म्हणाल्या, अभिनंदन, तुझ्या काकांची पाठ तयार होतेय."

"पाठीला काय वाईट आहे? माझी दुखते, बदलून घेतली असती."

"अकरानंतर चार तास चालतात. आपायनी वहीत लिहून ठेवलंय: तीननंतर घालणार असशील तर घालूच नकोस."

बारा वाजले. खोलीत हवा येत होती, गाळलेली, कसलाही वास नसलेली. तरी मला उकडलेल्या मटणाचा वास येत होता. मी त्याचा दोष भुकेला दिला.

"मला एक कळत नाही," काका म्हणाले. "माझी कातडी. तिच्यात हृदय आलं कुठून?"

"होतंच. प्रत्येक पेशीत सगळंच लिहिलेलं असतं. कातडी, हृदय, मेंदू, सगळं तेच डीएनए."

"म्हणजे मेजवानीसारखं. मेंढी एक. डोकं वडीलधाऱ्याला, खुब्याचं हाड पाहुण्याला, छातीचा भाग जावयाला. कोण कुठे बसलाय त्यावर वाटा."

"बसण्याचं बरोबर आहे. कोण कुठे, शेजारी कोण, कानावर काय पडतं, यावरच ठरतं. पण वाटा चुकला, काका. इथे मेंढी कापतच नाहीत. प्रत्येकाच्या ताटात अख्खी मेंढी येते. फक्त जावयानं छातीच खायची. बाकीचं झाकून, गुंडाळून, वर खुणेच्या चिकटपट्ट्या लावून ठेवलेलं असतं. असतं ताटातच, पण हात लावता येत नाही."

काकांनी मान उंचावून काचेकडे पाहिलं. 

"पट्ट्या लावतं कोण?"

"पेशीच. सुरुवातीला बाहेरून इशारा येतो. मग आत काही प्रथिनं जागी होतात, ती आपल्या कामाची पानं उघडतात, बाकीची बंद करतात, आणि स्वतःलाही जागं ठेवतात. मग इशारा गेला तरी चालतं. पेशी दुभंगली तर दोन्ही लेकींकडे त्याच पट्ट्या जातात. कातडीच्या पोटी कातडीच."

"म्हणजे एकदा बसवलं की बसलं."

"एरवी हो."

"आणि त्यांना कुणी विचारतं?"

"कुणाला?"

"पेशींना. की बाई, तुला काय व्हायचंय."

"नाही, काका."

पाऊण वाजला, दीड वाजला. मी दाराला खांदा लावून पाहिला. काकांनी दाराला एक शिवी दिली आणि त्याचे वडील, आजोबा, पणजोबा नावानिशी काढले. सात पिढ्यांची नावं आम्हाला पाठ असावी लागतात. दाराच्या पिढ्या काकांनी जागेवर तयार केल्या. मग दोघं पुन्हा भिंतीला टेकलो. काचेपलीकडे इन्क्युबेटरचा आकडा सदतीस दाखवत होता. आत माझ्या बशीच्या सहा खळग्यांतल्या लाखो पेशी एकमेकींना ओरडत होत्या, निघा, निघा, आणि तोंड बंद करणारा माणूस झगा घालून दीड मीटरवर बसला होता.

"मी एकोणीसचा होतो," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लाल दिव्याकडे पाहिलं. "पशुवैद्यकीच्या कॉलेजात नंबर लागला होता. इथेच, अल्माटीत. पेटी भरली होती. तुझे आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मला जेवताना चुलीशेजारी बसवलं. त्या दिवसापासून रोज तिथेच. पेटीत अजून एक सदरा आहे."

 "मूळपेशीसुद्धा असंच..." असं मी सुरू केलं आणि थांबलो. उदाहरण चांगलं होतं, वेळ चुकीची होती.

"मला कुणी चार जनुकं घातली असती तर?"

"अख्ख्या माणसाला घालत नाहीत, काका. गाठी होतात."

"त्या चुलीपाशी बसूनही होतात," काका म्हणाले.

दोन वाजून चाळीस मिनिटं. मी हिशेब सोडून दिला होता आणि कुत्र्याशी जुळवून कसं घ्यायचं याचा विचार करत होतो. तेवढ्यात काकांनी झग्याची चेन खाली ओढली आणि पोट बाहेर काढलं.

पोट म्हणजे पिशवी होती. पिशवीत फडक्यात बांधलेलं उकडलेलं मेंढीचं डोकं. ते माझ्याकडे बघत होतं.

"आपायसाठी," काका म्हणाले. "पहिल्यांदा कुणाच्या कामाच्या जागी जायचं आणि हात हलवत? तू म्हणालास आत काही न्यायचं नाही. म्हणून झग्यात घेतलं."

पिशवीचा चामडी पट्टा झग्याखालून उतरून मागे गेला होता. त्याचं टोक बाहेरच्या दाराच्या फटीत होतं. करंगळीएवढं जाड. तेवढ्यानं दार बंद दिसत होतं आणि बंद नव्हतं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पाचेक मिनिटांत."

"अकरा वाजता?"

"तीन वाजेपर्यंत बसलो असतो तर तू घरी आला असतास," काका म्हणाले, हवामान सांगावं तसं. "कुणी काही केलं असं झालं नसतं. दारानंच केलं असतं. चुलीशेजारच्या जागेसारखं."

त्यांनी पिशवीचं बक्कल सोडलं, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि घोडा आवरावा तसा एक हिसडा दिला. पट्टा आत आला. दार टक्क करून बसलं. दिवा हिरवा झाला.

"जा, तोंडं बंद कर त्यांची."

असं थेट जाता येत नाही. काकांना मेंढीसकट बाहेर काढलं, झगा बदलला, मोजे बदलले, हात धुतले. पहिल्या खळग्यात औषध पडलं तेव्हा दोन अठ्ठावन्न झाले होते. सहाव्यात तीन वाजून तीन मिनिटं. वहीत मी तीन लिहिलं.

काका दहाव्या दिवशी पुन्हा आले. या वेळी रिकाम्या हातांनी, मी तपासलं. पाच खळगे थंड होते. सहावा, नेमका उशिराचा, मधोमध हलत होता. सूक्ष्मदर्शकातून दिसत होता तो पेशींचा पापुद्रा, आखडून सैल होणारा, सेकंदाला जेमतेम एकदा, कुणी न सांगता. काकांनी डोळा लावला आणि मानेवर दोन बोटं ठेवून स्वतःची नाडी पाहिली.

"माझ्यापेक्षा हळू," ते म्हणाले. "शहरात राहून आळशी झालंय."

 करार पुरा झाला होता. ते घरी सांगणार होते, मी इथे राहणार होतो. म्हणजे दर दोन दिवसांनी पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं खाणं, बदलायला, सणाला, लग्नाला, कुणाच्याही मयताला, या सहा खळग्यांपाशी. हे मी करारात वाचलं नव्हतं.

"ह्या कडेच्या?" काकांनी विचारलं. "हलत नाहीत त्या."

"त्या हृदय झाल्या नाहीत. तंतुपेशी असाव्यात. हृदयातही असतात. बाकीच्यांना जागेवर धरून ठेवतात."

"दंडातून काढल्या त्या कुठल्या होत्या?"

 "तंतुपेशीच."

काकांनी डोळा काढला नाही. मधला पापुद्रा हलत होता आणि कडेच्या त्याला धरून होत्या.

"ह्या मी ओळखल्या," ते म्हणाले.