साधं त्रैराशिक

"तीनशे मिलिग्रॅमवर रक्तातली पातळी आठ आली. सोळा हवी, म्हणून सहाशे दिले. साधं त्रैराशिक आहे, मॅडम," हितेंद्र म्हणाला. परळच्या आमच्या वॉर्डात माझ्या हाताखाली शिकणारा डॉक्टर. कुशाबांचं फिट्सचं औषध त्यानेच दुप्पट केलं होतं.

मी कागदावर रेघ ओढली, आधी चढणारी, मग आडवी होत जाणारी. "गाढवा, हे औषध मोडायचं काम यकृतातलं एन्झाइम करतं. औषध वाढलं की त्याचा वेग वाढतो, पण एन्झाइमचे सगळे रेणू कामाला जुंपले गेले की त्यापुढे नाही. कुशाबांचा जास्तीत जास्त वेग दिवसाला साडेचारशे. उरलेले दीडशे रोज अंगात साठत गेले."

दोन आठवड्यांत पातळी पन्नासवर गेली. तोल जाऊन कुशाबा डिलाईल रोडला चाळीच्या जिन्यावरून कोसळले आणि आज सकाळी गेले. केसपेपरवर हितेंद्रच्या खाली सही माझी होती.

बाहेर त्यांची मुलगी कमल गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स घेऊन उभी होती.

"बाबा चक्कर येते म्हणायचे, गोळी नको म्हणायचे. पण डॉक्टर, मी एकही डोस चुकू दिला नाही."